एकाच भांडवलाला दोन न्याय

मी डोंबिवलीत राहतो, कोड लिहून पगार घेतो. पगारावर चढत्या दराने कर आणि भांडवली उत्पन्नावर एकच सपाट दर, या दुहेरी पद्धतीला माझा विरोध नाही. विरोध आहे तो आपल्याकडच्या अर्धवट नकलेला.

स्वीडनने १९९१ मध्ये ही पद्धत आणली तेव्हा बँकेचं व्याज असो की शेअरचा नफा, दोन्हींवर ३० टक्के कर लावला. भांडवल म्हणजे भांडवल.

आपल्याकडे बघा. ठाण्यातल्या दोन इंजिनिअरचं करपात्र उत्पन्न नव्या करप्रणालीत २४ लाखांच्या वर आहे. एकाला एफडीवर लाखभर व्याज मिळालं. ते पगारात मिसळतं, म्हणून ३० हजार कर. दुसऱ्याने वर्षाहून जास्त ठेवलेले शेअर विकून लाखभर नफा कमावला. वर्षाची सव्वा लाखाची सूट आधीच संपली असली, तरी त्याला साडेबारा हजारच. सेस दोघांनाही वेगळा.

कुणी म्हणेल, कंपनीने नफ्यावर आधीच कर भरलाय. मान्य. पण महागाई व्याजालाही खाते, आणि त्या झिजेवरही पूर्ण कर बसतो.

म्हणून मागणी साधी आहे: दोन्हींना एकच दर लावा, आणि ज्याचा स्लॅब त्याहून कमी, त्याला स्लॅबचाच दर ठेवा. नाहीतर कल्याणच्या निवृत्त कारकुनावर सपाट दराचा उलटा बोजा पडेल. जोखीम घ्यायची की नाही हे बचत करणाऱ्याने ठरवावं, करखात्याने नव्हे.