पडलेला दात

शाळेच्या फाटकावर 'प्रवेश सुरू' असा फलक लागला आणि त्यावर माझी लेक होती. हातात सोनेरी करंडक, अंगात इस्त्रीचा गणवेश, ओठांवर भरघोस हसू. ती फलकासमोर बराच वेळ उभी राहिली आणि मग मला म्हणाली, "आई, ही मीच आहे ना? मग माझा दात कुठून आला?"

ती दुसरीत आहे. वरचा पुढचा दात डिसेंबरात पडला आणि नवा अजून अर्धाही आलेला नाही. फलकावरच्या मुलीचे दात मात्र एकसारखे, पांढरेशुभ्र होते. मग मी जवळ जाऊन पाहिलं. डाव्या भुवईवर पाळण्यातून पडल्याची खूण आहे, ती नव्हती. रंग दोन छटा उजळ झाला होता. गणवेशाच्या खिशावर शाळेचं बोधचिन्ह आहे, त्यातली देवनागरी अक्षरं लांबून अक्षरांसारखी दिसत होती, वाचायला गेलं तर एकही धड नव्हतं. चेहरा तिचाच होता, ओळखीच्या सगळ्यांनी लगेच ओळखला. आणि तिने आजवर एकही करंडक जिंकलेला नाही.

वर्गशिक्षिका बाईंनी काहीही लपवलं नाही. स्नेहसंमेलनात लेकीने कोळीनृत्य केलं होतं, त्याचा फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये होता. सकाळी छापखान्यात पत्रक द्यायचं होतं, रात्रीचे अकरा वाजले होते. त्यांनी तो फोटो चित्र बनवणाऱ्या एआय साधनाला रेफरन्स म्हणून दिला आणि लिहिलं, याच मुलीला गणवेशात, हातात करंडक घेऊन दाखव. "किती गोड दिसते म्हणून तिचाच घेतला हो," असं त्या म्हणाल्या. मला त्यांचा राग आला नाही. शिकवणं, पोषण आहाराच्या नोंदी, सर्वेक्षणं आणि वर पत्रक, हे सगळं एकाच बाईच्या डोक्यावर आहे. पण पत्र लिहायचं मी त्याच रात्री ठरवलं.

ते लिहायला मला चार दिवस लागले, कारण नक्की कशाला हरकत आहे हे आधी मला स्वतःलाच नीट सांगता येईना. प्रवेशाच्या वेळी मी एका छापील अर्जावर सही केली होती. 'शाळेच्या उपक्रमांसाठी पाल्याचे छायाचित्र वापरण्यास हरकत नाही.' मुख्याध्यापिका बाईंनी तोच कागद पुढे केला. मी ती सही नाकारत नाही. कोळीनृत्याचा फोटो त्यांनी वार्षिक अंकात छापला असता तर मी तो अंक जपून ठेवला असता. त्या फोटोतला दात पडलेला आहे, पदर सुटलेला आहे, आणि ती खरोखर त्या मंचावर नाचली आहे.

रेफरन्स म्हणून फोटो देणं ही वेगळीच गोष्ट आहे. साधन तो फोटो कापून चिकटवत नाही. त्यातला चेहरा, केस, ठेवण वाचतं आणि नवं चित्र पहिल्यापासून घडवतं. जिथे फोटो गप्प असतो किंवा साधनाच्या सवयीच्या चित्रांपेक्षा वेगळा असतो, तिथे ते आपल्या सवयीने भरतं. म्हणून दात उगवतो, व्रण पुसला जातो, रंग उजळतो. हाती येतं ते न घडलेल्या प्रसंगाचं चित्र, आणि त्यात माणूस मात्र खरा. सात वर्षांच्या मुलीने न जिंकलेला करंडक तिच्या हाती देऊन शाळेने आपली जाहिरात केली, एवढाच त्याचा सरळ अर्थ. त्या अर्जावर मी याला होकार दिला नव्हता. तो कागद छापला तेव्हा ही सोयच नव्हती.

दुसरी गोष्ट फोटो कुठे गेला याची. बाईंचं खातं त्यांचं स्वतःचं, फुकटचं. अशा अनेक साधनांत आपण दिलेला मजकूर आणि चित्रं पुढच्या प्रशिक्षणाला वापरण्याची मुभा सुरुवातीपासूनच चालू असते आणि सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करावी लागते. बाईंना ती सेटिंग ठाऊक नव्हती. फोटो त्या संभाषणाच्या इतिहासात पडून होता. उद्या त्यांची बदली झाली तर खातं त्यांच्याबरोबर जाणार, शाळेच्या हाती काहीच उरणार नाही. शिवाय मूळ फोटोत लेकीच्या मागे आणखी तीन मुली होत्या. त्यांच्या घरी कुणाला याचा पत्ताही नव्हता.

ही भीती हवेतली नाही. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२४ मध्ये दाखवून दिलं की चित्रं बनवणाऱ्या साधनांच्या प्रशिक्षणासाठी वापरल्या गेलेल्या 'लायन-५बी' या संचात ब्राझील आणि ऑस्ट्रेलियातल्या खऱ्या मुलांच्या फोटोंचे दुवे होते आणि काहींसोबत मुलांची नावंही होती. त्यांतले बरेच फोटो घरच्यांनी किंवा शाळेने कौतुकानेच ठेवले होते.

शेवटी पत्र असं झालं.

"मा. मुख्याध्यापिका बाई, स. न. वि. वि. माझ्या मुलीचे प्रत्यक्ष कार्यक्रमात काढलेले फोटो शाळेच्या अंकात व सूचनाफलकावर छापण्यास माझी हरकत नाही. मात्र तिचा कोणताही फोटो, समूहातला असला तरी, एआय साधनाला रेफरन्स म्हणून देऊ नये, त्यावरून तिच्यासारखे चित्र बनवू नये. तयार झालेला फलक व पत्रक मागे घ्यावे. ज्या खात्यावर फोटो चढवला, तिथून तो फोटो व ते संभाषण काढून टाकावे आणि तसे मला लेखी कळवावे. ज्या तीन मुली फोटोत आहेत त्यांच्या पालकांनाही कळवावे."

कायद्याचा धाक मी घातला नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, ती ठरावीक हेतूपुरती असते आणि मागे घेता येते. पण नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्यांत या तरतुदीला अठरा महिन्यांची मुदत आहे. शिवाय ज्या शाळेत लेकीला अजून आठ वर्षं काढायची आहेत तिथे मला भांडण नको, समजूत हवी होती. पत्रासोबत मी दोन पर्यायही लिहिले, कारण नुसतं 'करू नका' म्हटलं की रात्री अकराचं काम तसंच उरतं. मुलांनी वहीत काढलेली शाळेची चित्रं छापा. किंवा पाठमोऱ्या मुलांचा, कुंडीत माती भरणाऱ्या हातांचा खरा फोटो घ्या.

पत्र दिल्यावर तिसऱ्या दिवशी फलक उतरला. बाईंनी माझ्यासमोर संभाषण पुसलं, सेटिंग बंद केली. पत्रकं मात्र दोनशे वाटून झाली होती, ती परत येणार नाहीत. पुसण्याआधी त्या साधनाने फोटोतून काय घेतलं असेल, तेही ना बाई सांगू शकल्या ना मी.

जूनमध्ये प्रवेशाचे अर्ज पुन्हा हातात येतील. छायाचित्राच्या संमतीखाली सही करण्याआधी हाताने एक ओळ लिहा, "एआय साधनाला रेफरन्स म्हणून देण्यास संमती नाही", आणि त्या पानाची झेरॉक्स घरी ठेवा.