हक्कभागांनंतर भाव उतरतो, तो तोटा नव्हे. हक्क विसरणे मात्र तोट्याचे

रिलायन्स इंडस्ट्रीजने मे २०२० मध्ये सुमारे ५३ हजार कोटी रुपयांचे हक्कभाग विक्रीस काढले, तेव्हा अनेक लहान भागधारकांना दोन प्रश्न पडले. आपल्याला नेमके किती भाग मिळणार आणि भाव एकाएकी का उतरतो? दोन्हींचे उत्तर एकाच गणितात आहे.

त्या वेळी प्रमाण १:१५ होते. नोंद दिनांकास, म्हणजे १४ मे रोजी, ज्याच्या नावावर १५ भाग होते त्याला १,२५७ रुपयांना एक नवा भाग घेण्याचा हक्क मिळाला. मैसुरूमधील एखाद्या भागधारकाकडे १५० भाग होते असे मानू. त्याच्या वाट्याला १० हक्क आले. १६० भाग असते तरी हक्क दहाच मिळाले असते, कारण अपूर्णांक सोडून दिला जातो.

आता हक्कापूर्वीचा भाव सोयीसाठी १,५०० रुपये धरू. १५ भागांचे मूल्य २२,५०० रुपये होते. त्यात नव्या भागाचे १,२५७ रुपये मिळवून १६ ने भागल्यास सुमारे १,४८५ रुपये येतात. स्वस्त भाग जुन्यांत मिसळल्याने प्रत्येक भागाचे सरासरी मूल्य १५ रुपयांनी कमी होते. म्हणूनच नोंद दिनांकाच्या आदल्या दिवशी, १३ मे रोजी, भाग हक्काविना व्यवहारात आला. हा हिशेब सैद्धांतिक आहे. प्रत्यक्ष भाव त्या दिवशीच्या बाजारानुसार वर-खाली होतो.

हे पंधरा रुपये नाहीसे होत नाहीत, ते हक्कात जातात. एका हक्काचे मूल्य १,४८५ वजा १,२५७, म्हणजे सुमारे २२८ रुपये. १५० भागांच्या मूल्यात सुमारे २,२८० रुपयांची घट होते आणि १० हक्कांचे मूल्यही तेवढेच भरते. भागधारकाने १२,५७० रुपये भरून नवे भाग घेतले किंवा हक्क बाजारात विकले, तरी हिशेब जुळतो. रिलायन्सने अर्जासोबत केवळ चतुर्थांश रक्कम, ३१४.२५ रुपये, घेतली होती. उरलेली रक्कम २०२१ मध्ये दोन हप्त्यांत मागितली.

खरा धोका काहीच न करण्यात आहे. हक्क डिमॅट खात्यात स्वतंत्र नोंदीने जमा होतात. रिलायन्सचे हक्क २० ते २९ मे या काळातच विकता येत होते आणि अर्जाची मुदत ३ जूनला संपली. तोवर न विकलेला व अर्ज न केलेला हक्क रद्द होतो आणि त्याचा मोबदला मिळत नाही. बाजारातून हक्क विकत घेऊन अर्ज करण्यास विसरणाऱ्याचेही पैसे बुडतात.

मात्र बाजारभावच हक्कभागाच्या किमतीखाली गेला, तर हक्काला मोल उरत नाही. तेव्हा तोच भाग बाजारातून घेणे स्वस्त पडते. म्हणून नोंद दिनांकापूर्वीच्या भावाची नव्हे, तर मुदत संपतानाच्या भावाची हक्कभागाच्या किमतीशी तुलना करून निर्णय घेणे योग्य ठरते.