चिठ्ठी परत डब्यात टाकू नका

साठवलेल्या नोंदी आपण पुन्हा उघडत नाही, म्हणून रोज सकाळी त्यातली कुठलीही एक जुनी नोंद आपोआप समोर यावी, ही कल्पना बऱ्याच जणांना आवडते. ऑब्सिडियनमध्ये तर त्यासाठी Random note हा प्लगइन आयताच मिळतो. कल्पना मलाही पटते. पण आपण ती ज्या पद्धतीने राबवतो, ती निव्वळ स्वतःची समजूत काढणं आहे.

पहिली चूक गणिताची. रँडम बटण म्हणजे डब्यातून चिठ्ठी काढायची, वाचायची आणि परत डब्यातच टाकायची. समजा, तुमच्याकडे १००० नोंदी आहेत. ३८ दिवसांतच एखादी नोंद दुसऱ्यांदा येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते. उलट १००० दिवस एकही सकाळ न चुकवता हे केलंत, तरी सुमारे ३६८ नोंदी एकदाही दिसत नाहीत. म्हणून पत्ते पिसतो तशी सगळी यादी एकदाच पिसून ठेवावी. लिनक्सवर एवढं पुरतं:

```
find ~/notes -name '*.md' | shuf > ~/queue.txt
```

रोज `head -n 1 ~/queue.txt` ने पहिलं नाव बघायचं आणि काम झालं की `sed -i 1d ~/queue.txt` ने ते काढून टाकायचं. यादी संपली की पुन्हा पिसायची.

दुसरी चूक जास्त महाग आहे. नोंद दिसली, छान वाटलं, पुढे सरकलो. मग तिच्यात आणि रीलमध्ये फरक काय? माझा नियम असा, की समोर आलेली नोंद एकतर स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहायची, नाहीतर उडवायची. एकदा माझ्यासमोर जुनी नोंद आली: ‘L = λW, भारी!’ भारी काय, ते आठवेना. शोधून मग लिहिलं: बँकेत मिनिटाला सरासरी २ माणसं येत असतील आणि प्रत्येकजण सरासरी १० मिनिटं थांबत असेल, तर आत सरासरी २० माणसं असतात. आता ती नोंद माझी झाली. त्याआधी ती फक्त साठवलेली होती.

‘पण कधीतरी लागेल ना!’ बिलं, पत्ते, पावत्या लागतात, पण त्या शोधून काढायच्या गोष्टी आहेत. त्या या ढिगात नकोतच. परीक्षेसाठी पाठ करायच्या गोष्टीही नकोत. तीन वर्षांत एकदा दिसून काही पाठ होत नाही, त्यासाठी अँकी आहे.

आणि रोज तीन नव्या नोंदी साठवून सकाळी एकच तपासत असाल, तर ढीग रोज दोनने वाढतोच आहे. तिथे कुठलंच अ‍ॅप उपयोगाचं नाही. सेव्हचं बटण दाबतानाच हात आवरायला हवा.