वेदनेच्या गोळीखाली रेचकाची ओळ हवी

मा. संपादक यांस,


आपल्या आरोग्य पुरवणीतला बद्धकोष्ठतेवरचा लेख वाचला. भरपूर पाणी, भाकरी, पालेभाजी, रात्री इसबगोल, थोडं चालणं. एरवी या सल्ल्याला कुणी नाव ठेवणार नाही. पण ज्याला मॉर्फिन किंवा ट्रॅमाडॉल चालू आहे, त्याने तो जसाच्या तसा पाळला तर त्याचे हाल वाढू शकतात, आणि त्या माणसाचा लेखात उल्लेखच नव्हता. माझं कराडला औषधाचं दुकान आहे. मिरजेत शस्त्रक्रिया करून किंवा कॅन्सरचे उपचार घेऊन उंब्रज, पाटणकडे परतणारी माणसं वाटेत औषधं घ्यायला थांबतात. चिठ्ठीवर वेदनेची गोळी असते, तिच्याबरोबर आम्लपित्ताची गोळी न चुकता असते. पोट साफ राहण्याचं औषध मात्र मला क्वचितच दिसतं. ते पहिल्या दिवसापासून लिहिलं गेलं पाहिजे, एवढ्यासाठीच हे पत्र.

या गोळ्या अफूच्या जातीच्या आहेत. आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचं स्वतःचं जाळं असतं आणि मेंदूतली वेदना दाबणारं औषध तिथेही तसंच चिकटतं. आतडं मळ पुढे ढकलायचं मंदावतं, रस कमी सुटतो, मळ एकाच जागी पडून राहतो, त्यातलं पाणी शोषलं जातं आणि गुदद्वाराचा स्नायू आवळलेला राहतो. आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. आयुर्वेदातला कर्पूर रस जुलाबावर देतात तो त्यातल्या अफूमुळेच, आणि आजची जुलाब थांबवणारी लोपरामाइडची गोळीही त्याच कुळातली, फक्त आतड्यापुरती काम करणारी. म्हणजे जुलाबाचं औषध जे करतं, तेच ही वेदनेची गोळी रोज करते.

म्हणून चोथ्याचा उपाय इथे लागू पडत नाही. चोथ्याने मळ वाढतो, ढकलणारा जोर वाढत नाही. इसबगोल तर पाणी पिऊन फुगतो. दिवसभरात जेमतेम दोन-तीन पेले पाणी पिणाऱ्या, अंथरुणावरच्या रुग्णाच्या आतड्यात तो बूच होऊन बसू शकतो. शिवाय मॉर्फिनने येणारी मळमळ आणि गुंगी बहुतेकांना काही दिवसांत सरावाची होते, आतडं मात्र कधीच सरावत नाही. ‘बघू या, बसेल घडी’ म्हणून वाट पाहण्यात काही हशील नाही.

ओळखीतल्या एका घरची गोष्ट सांगतो. प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात गेलेले आजोबा. दहा मिलिग्रॅम मॉर्फिन दर चार तासांनी सुरू झालं आणि कितीतरी दिवसांनी ते रात्रभर झोपले. घर खूश. चौथ्या दिवशी परसाकडं झालं नाही हे त्यांच्या लक्षात आलं, पण सुनेला सांगायचं कसं? सहाव्या दिवशी मुलाने इसबगोल आणला. त्यानंतर पोट फुगलं, जेवण तुटलं. नवव्या दिवशी पातळ संडास धोतरात झिरपायला लागली. घरच्यांना वाटलं, झालं एकदाचं, आता उलट जुलाब लागले. म्हणून गावातल्या दुकानातून लोपरामाइड आलं. पुढे पोट आणखी तट्ट झालं तेव्हा सगळा दोष मॉर्फिनवर ठेवून तेच बंद केलं. त्या रात्रीपासून आजोबा पुन्हा कळवळू लागले.

ते जुलाब नव्हतेच. खाली मळाचा खडा अडकलेला असतो आणि वरचं पाणी त्याच्या कडेने वाट काढतं. ओळखायची खूण अशी: आधी काही दिवस काहीच नाही, मग नकळत थोडं थोडं पातळ झिरपणं, आणि तरी पोट हलकं न वाटणं. डॉक्टरांनी बोटाने तपासल्यावर खडा लागला. एनिमा देऊनही भागलं नाही, हाताने काढावा लागला. ज्या म्हाताऱ्याने आयुष्यभर कुणाला आपला सदरा धुवू दिला नाही, त्याच्यावर ही वेळ. मग मॉर्फिन त्याच मात्रेत पुन्हा सुरू झालं, जोडीला रात्री बिसाकोडिलच्या पाच मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या आणि सकाळी पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पूड पाण्यातून. त्यानंतर दर एक-दोन दिवसांनी सुखाने होऊ लागलं. हेच पहिल्या चिठ्ठीवर असतं तर?

आतड्याला हलवणारं औषध हे यातलं मुख्य: बिसाकोडिल, सोडियम पिकोसल्फेट किंवा सेन्ना, म्हणजे आपली सोनामुखी. त्याला जोड मळात पाणी धरून ठेवणाऱ्या औषधाची, पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पूड किंवा लॅक्टुलोज. लॅक्टुलोजला परिणाम दाखवायला एक-दोन दिवस लागतात आणि काहींना त्याने वायू होतो. बिसाकोडिल रात्री घेतलं की साधारण सहा ते बारा तासांनी काम करतं. ती गोळी दुधाबरोबर घेऊ नये, चावू किंवा कुटू नये. नाहीतर वरचं आवरण पोटातच निघून जातं आणि कळा येतात. आपल्याकडे प्रत्येक गोळी कोमट दुधाबरोबर घ्यायची सवय, म्हणून हे मी गिऱ्हाइकाला दोनदा सांगतो. रोज झालंच पाहिजे असंही नाही, कुंथावं न लागता दोन-तीन दिवसांतून एकदा झालं तरी पुरे. तीन दिवस कोरडे गेले तर मात्र डॉक्टरांना कळवून रेचकाची मात्रा वाढवून घ्यावी.

हे सगळ्यांना डोळे झाकून द्यावं असं मी म्हणत नाही. उलट्या, पोटात पिळवटून येणाऱ्या कळा आणि वाराही सरत नसेल तर आतडं अडलेलं असू शकतं. तिथे रेचक घातक ठरेल, रुग्णालयच गाठावं. पायांतली ताकद अचानक गेली किंवा लघवी अडली, तरी तेच. आतड्यावरच शस्त्रक्रिया झाली असेल तर कधी सुरू करायचं ते सर्जन ठरवतील. केमोथेरपीने पेशी उतरल्या असतील तर विचारल्याशिवाय एनिमा किंवा गुदद्वारातून द्यायची गोळी नको. मूत्रपिंड कमजोर असलेल्याला मॅग्नेशियाचं पांढरं औषध नको, आणि ज्याला गिळताना ठसका लागतो त्याला लिक्विड पॅराफिन नको, ते फुप्फुसात जाऊ शकतं.

एका डॉक्टरांशी यावर बोललो तेव्हा ते म्हणाले, “आधीच गोळ्यांची पिशवी भरलेली असते, त्रास झाला तर लिहून देऊच की.” पण त्रास झाल्याचं त्यांना कळणार कसं? रुग्ण गावी, पुढची तारीख पंधरा दिवसांनी, आणि हा विषय माणूस घरातसुद्धा काढत नाही. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर बैठकीच्या संडासात बसता येत नाही, घरात कमोडची खुर्ची नसते, म्हणून मुद्दाम कमी जेवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्या तक्रार करायला येतील, हे गृहीत धरणं बरोबर नाही.

मॉर्फिन मिळणं सोपं व्हावं म्हणून 1985 चा अमली पदार्थांचा कायदा 2014 मध्ये बदलावा लागला. एवढ्या खटपटीने घरापर्यंत आलेलं औषध लोक संडास होत नाही म्हणून फेकून देत असतील, तर ती दुरुस्ती रुग्णाच्या कामी आली नाही. साताऱ्याच्या, सांगलीच्या सरकारी रुग्णालयांनी आणि मिरजेच्या रुग्णालयांनी घरी सोडतानाच्या कागदावर वेदनेच्या गोळीखाली रेचकाची ओळ छापूनच ठेवावी. द्यायचं नसेल तेव्हा डॉक्टरांनी ती खोडावी आणि कारण लिहावं. वेदनेची गोळी बंद होईल तेव्हा रेचकही बंद, हेही तिथेच छापावं. परिचारिका दुखणं किती आहे ते विचारतातच, तेव्हाच शेवटची संडास कधी झाली तेही विचारून कागदावर तारीख टाकावी. आणि माझ्या व्यवसायबंधूंनी, घरात मॉर्फिन किंवा ट्रॅमाडॉल चालू आहे का हे विचारल्याशिवाय लोपरामाइडची पट्टी कुणाच्या हातात देऊ नये.

आपला,
एक औषधविक्रेता, कराड