शंभर ज्युएल्सचं घड्याळ
"माझ्यात २१ ज्युएल्स, तुझ्या १७ पेक्षा भारी!" हे ऐकलं की डोकं फिरतं राव. ज्युएल म्हणजे कृत्रिम माणकाचं बेअरिंग. स्टीलचा आस त्यात कमी घासतो, झीज टळते. चावीच्या साध्या घड्याळात बॅलन्सला पाच, पॅलेटला चार आणि चार चाकांना दोन-दोन. झाले की १७! एचएमटी जनतामध्ये तेवढेच आहेत. ऑटोमॅटिकला रोटरची जादा चाकं असतात, म्हणून आणखी चार-आठ लागतात. मान्य. पण वॉल्थमने १०० ज्युएल्सचं घड्याळ विकलं, त्यातले ८३ नुसते रोटरभोवती चिकटवलेले! शेवटी १९७४ मध्ये आयएसओने सांगितलं, घर्षणाचं काम करणारेच मोजा. आणि तेल वाळलं, की २५ वालंही अडखळतंच.