नंबर एकशे सव्वीस कुठे छापायचा?

गणपती जवळ आले की मंडळांची तिकिटं छापखान्यात येऊ लागतात. समजा, दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या मराठी मंडळींनी उत्सवात नाटक ठेवलंय. मागणी साधी आहे: ५०० तिकिटं, २५ची पुस्तकं. तिकिटाचे तीन भाग. काउंटरफॉईल विकणाऱ्याकडे राहणार, मधलं तिकीट प्रेक्षकाकडे आणि उजवीकडचा तुकडा दारावर फाडला जाणार.

नंबर तिन्ही भागांवर हवा. खुर्चीचा क्रमांक मात्र मधल्या भागावर हवाच हवा. तो फक्त उजव्या तुकड्यावर छापणारे महाभाग आजही भेटतात. मग दारातून आत गेलेला माणूस कुठे बसायचं ते विचारत हिंडतो.

एका शीटवर चार तिकिटं एकाखाली एक लावली, तर परफोरेशनच्या दोन रेघा शीटभर सरळ उतरतात. कागदाचा धागा या रेघांना समांतर ठेवावा. ओळखायला कोरा तुकडा दोन्ही बाजूंनी फाडून बघा: धाग्याच्या दिशेने तो सरळ फाटतो, आडवा फाडला की वेडावाकडा जातो. धागा आडवा पडला तर फाड रेघ सोडून शेजारच्या मजकुरात शिरते. म्हणून नंबरही रेघेला चिकटवू नका, दोन्हीकडे थोडी मोकळी जागा ठेवा. दाराकडची रेघ किंचित घट्ट हवी, नाहीतर काउंटरफॉईलवरून तिकीट ओढतानाच ती सुटते.

आता नंबरिंग. पहिल्या शीटवर १, २, ३, ४ छापले तर कटिंगनंतर चार गठ्ठे होतात आणि प्रत्येकातले नंबर चारचारने उड्या मारतात. मग माणसं बसवून पत्ते लावत बसा. ५०० भागिले चार म्हणजे १२५ शीट. तेव्हा चार जागांचे बॉक्स १, १२६, २५१ आणि ३७६ वर लावा. कापून गठ्ठे एकावर एक ठेवले की १ ते ५०० सलग मिळतात आणि दर गठ्ठ्यातून २५ची बरोबर पाच पुस्तकं निघतात. मागणी ५०ची असती तर अडीच पुस्तकं झाली असती. शिवणाऱ्याला दोन गठ्ठ्यांचे तुकडे जोडावे लागले असते.

छापलेली शीट तोंड वर करून साठत असतील, तर शेवटचं शीट सर्वात वर येतं. त्यासाठी उलटे मोजणारे बॉक्स वापरून १२५, २५०, ३७५, ५०० पासून उतरत या.

खरी परीक्षा खराब शीटची. ३७ नंबरचं शीट फाटलं, तर ३७ बरोबर १६२, २८७ आणि ४१२ ही तिकिटंही गेली, आणि ती चार वेगवेगळ्या पुस्तकांतली. तेव्हाच चारही नंबर लिहून ठेवा, बॉक्स मागे नेऊन तेच शीट पुन्हा छापा आणि फाटलेलं शीट बिलासोबत मंडळाच्या खजिनदाराकडे द्या. विक्रीनंतर तो काउंटरफॉईल आणि दारावरचे तुकडे जुळवायला बसेल, तेव्हा ४१२ दोनदा निघालं तर पहिला फोन छापखान्यालाच येईल.