टीसीएमचा हिशेब आणि विहिरीची पातळी

प्रत्येक कामाचा फोटो अक्षांश-रेखांशासह संकेतस्थळावर चढतो, दरमहा प्रगती अहवाल जातो, मग जलयुक्त शिवारसारख्या योजनेचं वेगळं मूल्यमापन हवं कशाला, असं अनेकजण मनापासून विचारतात. हा युक्तिवाद मला मुळातच चुकीचा वाटतो. फोटो आणि अहवाल हे संनियंत्रण आहे. ठरलेलं काम ठरल्या वेळी, ठरल्या पैशात होतंय का, एवढंच ते सांगतं. त्या कामाने गावात पाणी टिकलं का, हे त्यातून कळत नाही.

एका गावाचा नाला घ्या. निधी, डिझेल, पोकलेनचे तास ही आदानं. खोलीकरणाने झालेली, समजा, 40 टीसीएम म्हणजे चार कोटी लिटर साठवणक्षमता हे उत्पादन. मार्चअखेर विहिरीत उरलेलं पाणी, वाढलेली रब्बी आणि टँकरविना गेलेला उन्हाळा हे परिणाम. 2014 च्या अखेरीस सुरू झालेल्या जलयुक्त शिवारात चर्चा झाली ती मुख्यतः किती कामं झाली आणि किती टीसीएम साठा झाला याची. पुढे महालेखापालांच्या अहवालाने 9,633.75 कोटी रुपये खर्चूनही भूजल पातळी वाढवण्यात योजनेचा फारसा परिणाम दिसला नाही, असं नोंदवलं. तपासलेल्या 120 गावांपैकी 83 गावांत तयार झालेला साठा पिण्याची आणि सिंचनाची गरज भागवायला अपुरा होता.

यावर उत्तर येतं की पाऊसच पडला नाही तर योजना काय करणार? 2018 मध्ये 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, हे खरंच. पण मग चांगल्या पावसाच्या वर्षी वाढलेल्या पातळीचं श्रेयही योजनेला घेता येत नाही. पावसाचा वाटा वेगळा काढायचा तर त्याच पावसाचं, त्याच खडकाचं, पण काम न झालेलं शेजारचं गाव सोबत मोजावं लागतं. कामाच्या गावात विहिरीचं पाणी दोन मीटर वर आलं आणि शेजारी दीड मीटर, तर कामाच्या नावे फार तर अर्धा मीटर.

आदानं, उत्पादन आणि परिणाम यांची ही मांडणी म्हणजेच तार्किक चौकट. तिला कागदी खेळ म्हणणाऱ्यांनी तिचा शेवटचा रकाना वाचावा. तिथे गृहीतकं लिहायची असतात. इथलं कळीचं गृहीतक म्हणजे उपसा वाढणार नाही. नाल्यात पाणी दिसताच नवे बोअर पडले, ऊस लागला, तर साठा पूर्ण होऊनही मार्चमध्ये विहीर कोरडीच राहील. म्हणून नव्या बोअरची आणि उसाच्या एकरांची नोंदही दरमहाच्या संनियंत्रणात हवी. ती नसेल तर चूक बांधकामात झाली की उपशात, हे मूल्यमापन करणाऱ्याला सांगता येणार नाही.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. पण त्या विहिरी प्रत्येक गावात नाहीत. म्हणून पोकलेन येण्याआधीच गावातल्या आणि शेजारगावातल्या काही विहिरी निवडून त्यांची ऑक्टोबरची आणि मार्चची पातळी लिहून ठेवायला हवी. नाला खोदून झाल्यावर ती नोंद मागे जाऊन घेता येत नाही.